बाजूच्या एका फोटोवरून टेबल, खुर्ची आणि स्क्रीनची तपासणी: प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी

घरी बसून काम करणाऱ्या एका वापरकर्तीचा फोटो आला. १५.६ इंची लॅपटॉप, साधं लाकडी टेबल, उंची न बदलणारी चार पायांची खुर्ची. तक्रार उजव्या खांद्याची आणि मानेच्या मुळाशी भरून येण्याची.

कोन मोजायच्या आधी फोटो मोजण्याच्या लायकीचा आहे का ते पाहिलं. फाइलमधली माहिती काढली:

```
exiftool -FocalLengthIn35mmFormat -ImageWidth IMG_2041.jpg
```

उत्तर आलं `13 mm`, म्हणजे फोनची रुंद कोनाची लेन्स. बहुतेक खोली लहान होती म्हणून जवळ उभं राहून सगळं चौकटीत बसवलं गेलं. अशा फोटोत जवळचा दंड फुगतो, लांबचा स्क्रीन आक्रसतो आणि कडेच्या वस्तू ताणल्या जातात. शिवाय फोटो उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून खाली बघत काढलाय.

तिसरा दोष जास्त महत्त्वाचा: फोटो तिरका आहे. नेमक्या बाजूने काढला असता तर लॅपटॉपचा स्क्रीन फक्त एका रेघेसारखा दिसला असता. इथे तो चांगला ऐसपैस दिसतो. यावरून तिरकेपणा काढता येतो. १६:९ स्क्रीनची रुंदी उंचीच्या १.७८ पट असते, फोटोत ती जेमतेम ०.९ पट दिसते. ०.९ भागिले १.७८ म्हणजे ०.५, आणि ज्या कोनाची साइन ०.५ तो ३० अंशांचा. स्क्रीन मागे कललेला असल्यामुळे एखाद-दोन अंश इकडेतिकडे, पण कॅमेरा शुद्ध बाजूपासून साधारण ३० अंश पुढे सरकलेला आहे, एवढं नक्की. (स्क्रीन माणसाच्या अगदी समोर असेल तरच हा हिशोब चालतो. तो वळवून ठेवलेला असेल तर टेबलाच्या कडेवरून बघावं लागतं.)

तिरक्या फोटोत आडवी लांबी कमी दिसते, उभी तेवढीच राहते. त्यामुळे पुढे झुकलेला प्रत्येक अवयव आहे त्यापेक्षा सरळ वाटतो. दंड खरोखर ४३ अंश पुढे असेल तर ३० अंशांच्या तिरकेपणात तो ३९ दिसेल. म्हणजे ही चूक एकाच दिशेला, बसण्याची स्थिती बरी दाखवण्याकडे झुकते. फोटो परत मागवला.

४ फेब्रुवारी

फोटो कसा काढायचा ते लिहून पाठवलं. मजकूर इथे ठेवतो, पुढच्या वेळी लागेल.

फोन स्टुलावर किंवा पुस्तकांच्या चळतीवर टेकवा, हातात धरू नका. लेन्स जमिनीपासून साधारण ७० सेंमीवर, म्हणजे बसलेल्या माणसाच्या कोपराच्या आसपास हवी. अंतर तीन मीटर, झूम २ पट. तेवढी जागा नसेल तर दोन मीटर आणि १ पट, पण रुंद लेन्स अजिबात नको. खुर्चीच्या बैठकीच्या कॅमेऱ्याकडल्या कडेला ए-४ कागद उभा, ताठ चिकटवा. केस कानामागे, बाह्या कोपराच्या वर, अंगात सैल कपडे नकोत. फोटो काढू नका, अर्ध्या तासाचा व्हिडिओ लावून कामाला लागा. विसाव्या मिनिटानंतरची एक चौकट आपण घेऊ.

शेवटची सूचना अनुभवातून आलेली. फोटो काढतोय म्हटलं की माणूस ताठ बसतो. तो ताठपणा टिकतो दोन मिनिटं, आणि दुखणं येतं ते उरलेल्या वेळातून.

फाइल मेसेजमधून 'फोटो' म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगितलं. नाहीतर चित्र दाबलं जातं आणि लेन्सची माहितीही गळून पडते.

५ फेब्रुवारी

कॅमेरा कोपराच्या उंचीवर का, असा प्रश्न गटात आला. उत्तर सविस्तर लिहून ठेवणं बरं, कारण सगळी पद्धत यावर उभी आहे.

कॅमेऱ्यापासून वस्तू जितकी जवळ तितकी ती मोठी दिसते, हे सगळ्यांना माहीत असतं. याचा इथे होणारा परिणाम मात्र लक्षात येत नाही. टेबल १२० सेंमी लांब आहे, वापरकर्ती मधोमध बसते. टेबलाची आपल्याकडची कड तिच्या कोपरापेक्षा सुमारे ३७ सेंमी कॅमेऱ्याच्या जवळ येते. कोपर ३०० सेंमीवर असेल तर कड २६३ वर, म्हणजे कडेजवळचं सगळं १.१४ पट मोठं. ए-४ कागदाचं माप लावून कोणी जवळचा टेबलाचा पाय मोजला, तर ७५ सेंमीचं टेबल ८५.५ भरेल! आणि मग अहवालात 'टेबल फार उंच' असं ठोकून दिलं जाईल.

पण ही वाढ कॅमेऱ्याच्या उंचीच्या रेषेपासून वर आणि खाली होते. त्या रेषेवरच असलेली वस्तू जवळ असो की लांब, रेषेवरच राहते. कॅमेरा ७० सेंमीवर असेल तर ७५ सेंमीची फळी रेषेपासून पाच सेंमी वर, १.१४ पट झाली तरी चूक पाऊण सेंमीची. आपल्याला सगळ्यात जास्त हवी असते ती कोपर आणि कीबोर्ड यांच्या उंचीतली तफावत. म्हणून कॅमेरा तिथे ठेवायचा, जिथे अंतराची चूक शून्याकडे जाते. जमीन आणि डोक्याचा माथा यांच्या मापांवर मात्र भरवसा नको.

म्हणून तीन मापं टेपने घ्यायला सांगितली: टेबलाची उंची, माणूस बसलेला असताना बैठकीची उंची, आणि हात मोकळा सोडून कोपर काटकोनात वाकवल्यावर बैठकीपासून कोपराच्या खालच्या टोकापर्यंतची उंची. फोटोतून कोन, टेपातून लांबी.

७ फेब्रुवारी

व्हिडिओ आला, २३व्या मिनिटाची चौकट घेतली. दाराची चौकट फोटोत उभीच्या उभी आहे, म्हणजे फोन कललेला नाही. लॅपटॉपचा स्क्रीन बारीक पट्टीसारखा. कागदाची २९७ मिमीची बाजू ५७१ पिक्सेल, म्हणजे एका पिक्सेलला ०.५२ मिमी.

टेपची मापं: टेबल ७५, बैठक ४५, बैठकीपासून कोपर २२ सेंमी.

बिंदू टिपून कोन काढले. डोळ्यांनी अंदाज करण्यापेक्षा चार ओळी परवडतात:

```python
from math import atan2, degrees
def from_vertical(a, b):
    return degrees(atan2(abs(b[0]-a[0]), abs(b[1]-a[1])))
print(from_vertical((1650, 904), (2070, 1354)))   # खांदा, कोपर
print(from_vertical((1560, 846), (1773, 680)))    # मानेचा मणका, कान
```

दंड उभ्या रेषेपासून ४३ अंश पुढे. मानेच्या पायथ्याच्या टपोऱ्या मणक्यापासून कानाच्या भोकापर्यंतची रेषा ५२ अंश पुढे. कोपराचा कोन १३१.

दोघांनी एकमेकांचं न बघता बिंदू टिपले. दंडाच्या कोनात दोन अंशांचा फरक पडला, मानेच्या कोनात सहा. कारण उघड आहे: कान दिसतो, मणका कॉलरखाली असतो आणि अंदाजाने टिपावा लागतो. मानेचा आकडा म्हणून फक्त आधी-नंतर तुलनेसाठी वापरायचा, तोही दोन्ही वेळा एकाच व्यक्तीने टिपलेला.

शरीराच्या स्थितीला जोखमीचे गुण देणाऱ्या रूला पद्धतीने (१९९३) गुण द्यावेत का, हा मुद्दा निघाला. तिथे दंडासाठी २० ते ४५ अंशांना एक गुणांक आणि ४५च्या पुढे त्याहून वरचा. आपलं माप ४३, चूक दोन-तीन अंशांची. सीमारेषेवर उभं राहून गुण सांगण्यात अर्थ नाही. खांदा उचललेला असेल तर गुण वाढतो, हात टेकलेला असेल तर कमी होतो, आणि इथे दोन्ही आहे. ऑफिसच्या कामासाठीची तशीच पद्धत रोसा (२०१२) वापरायची तर रोज किती तास, सलग किती वेळ हेही लागतं. फोटोत घड्याळ नसतं. गुण दिले नाहीत. कोन आणि कारण लिहिलं.

८ फेब्रुवारी

कारण काय ते.

फोटोत नजर पहिल्यांदा मानेकडे जाते, आणि जो तो लॅपटॉप वर उचला म्हणून सांगतो. इथे हिशोब उलटा लागतो. बैठक ४५, त्यावर कोपर २२, म्हणजे हात मोकळा सोडला तर कोपर जमिनीपासून ६७ सेंमीवर. लॅपटॉपच्या कळा ७७ वर. हात दहा सेंमी वर न्यायचे तर शरीरापुढे दोनच वाटा: खांदे उचला, किंवा दंड पुढे टाकून कोपर टेबलावर टेकवा. फोटोत दोन्ही थोडं थोडं दिसतं. खांद्याची तक्रार इथली.

मानेचं कारण वेगळं. स्क्रीनचा मध्य ८८ सेंमीच्या आसपास आणि ताठ बसल्यावर डोळे ११७ वर. ५० सेंमी अंतरावरून २९ सेंमी खाली बघायचं म्हणजे नजर ३० अंश खाली. १५-२० अंशांपर्यंत डोळे स्वतः खाली वळून भागवतात, त्यापुढे मान वाकते.

लॅपटॉपमध्ये कळा आणि स्क्रीन एकाच बिजागरीला बांधलेले, त्यामुळे मान सुधारायला लॅपटॉप उचलला की खांद्याची वाट लागते. आधी ते दोन वेगळे करायचे. त्याशिवाय पुढचं काही सांगूच नये.

पाठवलेल्या सूचना: वेगळा पातळ कीबोर्ड (जाडी २ सेंमी) आणि माउस. बैठक फोमच्या गादीने ९ सेंमीने उंच, म्हणजे ५४; कोपर ७६ वर येईल, कळा ७७ वर. एका सेंमीची तफावत चालते. पायांसाठी १४ सेंमी उंच पाटासारखा आधार, कारण गुडघ्याच्या मागच्या बाजूची उंची चपलेसकट ४० आहे आणि मूळ खुर्चीवरही टाचा उचललेल्या दिसतात. आधाराची खोली निदान ३० सेंमी, नाहीतर पाय एकाच जागी खिळतात.

लॅपटॉप किती उचलायचा यावर थोडा खल झाला. 'स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत' हा नियम लावला तर २६ सेंमीचा मनोरा होतो, तो डुगडुगेल. नजरेचा कोन बघितला तर २० सेंमी पुरतात: डोळे आता १२६ वर, स्क्रीनचा मध्य १०७-१०८ वर, अंतर ६०, कोन सुमारे १७ अंश. २० सांगितले. चष्मा दोन भिंगांचा किंवा प्रोग्रेसिव्ह नाही ना ते विचारून घेतलं. असता तर आणखी खाली ठेवावा लागला असता, कारण खालच्या भिंगातून बघायला माणूस हनुवटी वर करतो.

१४ फेब्रुवारी

सूचना अमलात आणल्यानंतरचा व्हिडिओ. निकाल वाईट.

मान सुधारली आहे, ४४. पण दंड अजून ३८ अंश पुढे, आणि पाठ, जी आधी जवळजवळ उभी होती, ती आता १८ अंश पुढे कललेली. पोट आणि टेबलाची कड यांच्यात चांगली वीतभर फट. पाठ खुर्चीच्या पाठीला लागतच नाही. आकड्यांप्रमाणे सगळं जागेवर आहे: बैठक ५४, कळा ७७.

माणूस आपणहून टेबलापासून लांब बसत असेल तर एकतर त्याला स्क्रीन लांब हवा असतो, किंवा काहीतरी आडवं येतं. स्क्रीन लांब हवा असता तर तो मागे रेलला असता, पुढे वाकला नसता. म्हणजे आडवं येतंय.

फोटोत मांड्या टेबलाच्या बाजूच्या पट्टीमागे जातात आणि दिसेनाशा होतात. बाजूच्या फोटोचा हा आंधळा कोपरा, आणि तो आमच्या सूचनांतच राहिला होता. खुर्ची बाजूला करून, खुर्चीच्याच जागेवरून, फोन जमिनीपासून ५० सेंमीवर धरून टेबलाच्या पोटाचा फोटो मागवला. सोबत चौथं माप: बसल्यावर बैठकीपासून मांडीच्या सगळ्यात वरच्या भागापर्यंत.

१५ फेब्रुवारी

फळीखाली खण आहे, बसण्याच्या जागी मधोमध. फळी २.५ सेंमी, खण ९ सेंमी खोल. खणाची खालची बाजू जमिनीपासून ६३.५ वर. मांडीची जाडी १४.

४५च्या बैठकीवर मांडी ५९ पर्यंत येत होती, साडेचार सेंमी मोकळे होते, म्हणून पहिल्या फोटोत काही कळलं नाही. ५४च्या बैठकीवर मांडी ६८ पर्यंत. खणाच्या साडेचार सेंमी वर. ती टेबलाखाली जाऊच शकत नाही.

यातून निघालेली गोष्ट पुढे प्रत्येक वेळी आधी तपासायची. कोपर बैठकीपासून २२ वर, मांडी १४ वर. दोघांमध्ये ८ सेंमी उरतात. फळी, तिच्याखालचं सगळं आणि कीबोर्ड एवढं या ८ सेंमीत मावलं पाहिजे. इथे २.५ अधिक ९ अधिक २, म्हणजे १३.५. खुर्ची वर करा, खाली करा, टेबलाचे पाय कापा, काहीही केलं तरी हे मावणार नाही, कारण यात जमिनीचा संबंधच नाही. खुर्चीच्या उंचीवर वेळ घालवण्याआधी ही वजाबाकी केली असती तर एक आठवडा वाचला असता.

खण आणि त्याच्या दोन्ही सरकपट्ट्या काढायला सांगितल्या. नुसता खण काढून पट्ट्या ठेवल्या तर गुडघे त्यांच्यावर आपटतात. समोर खणाखाली आडवी लाकडी पट्टी आहे का तेही विचारलं. असती तर तिने टेबलाचा सांगाडा धरून ठेवलेला असतो आणि ती काढता येत नाही. नाहीये. आता ८ सेंमीत फक्त ४.५.

१९ फेब्रुवारी

खण काढल्यानंतरची २५व्या मिनिटाची चौकट. मांडीच्या वर साडेचार सेंमी मोकळे. दंड १४ अंश, कोपर १०१, पाठ मागे टेकलेली, मान ४१. सगळे बिंदू आधीच्याच व्यक्तीने टिपले.

पाठ टेकली आहे, पण कंबरेला नाही. बैठक ९ सेंमी वर गेली, खुर्चीची पाठ जागेवरच राहिली, त्यामुळे पाठीचा फुगीर भाग आता कंबरेऐवजी ढुंगणाच्या वरच्या बाजूला लागतो. गुंडाळलेला टॉवेल कंबरेच्या खोबणीत बांधायला सांगितला, ८-१० सेंमी व्यासाचा. त्याने माणूस पुढे सरकतो म्हणून बैठकीची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांच्यात दोन-तीन बोटं जागा उरते का ते परत बघायचं. उरते.

मनगटाबद्दल बाजूच्या फोटोवरून निम्मंच बोलता येतं. वर-खाली वाकणं दिसतं, ते जवळजवळ शून्य आहे. करंगळीकडे वळणं दिसत नाही, त्यासाठी डोक्यावरून खाली बघणारा फोटो हवा. आकड्यांच्या कळा असलेल्या लांब कीबोर्डवर माउस फार उजवीकडे जातो आणि उजवा दंड बाहेर फाकतो, तोही फक्त वरूनच दिसतो. तक्रार उजव्याच खांद्याची असल्यामुळे हा फोटो मागवला.

२६ फेब्रुवारी

वरून काढलेला फोटो: माउस छातीच्या मध्यापासून ४५ सेंमी उजवीकडे. आकड्यांच्या कळा ती वापरत नाही. अक्षरांचा भाग, म्हणजे जी आणि एच यांच्यामधली फट, बेंबीसमोर येईल असा कीबोर्ड मांडला तर आकड्यांची पट्टी आणखी उजवीकडे जाऊन माउसला ढकलते. त्या कळा नसलेला कीबोर्ड सुचवला. मिळेपर्यंत माउस डाव्या हाताने.

दुसरं, दंडाचा कोन आठवडाभरात १४वरून १९ झाला. बैठकीचं माप परत घेतलं: ५२.५. फोम दबला. न बसता ९ सेंमी आणि बसल्यावर ९ सेंमी यात फार फरक असतो, आणि मऊ फोम पहिल्या काही दिवसांतच बसतो. गादीखाली बैठकीच्या मापाची १२ मिमी प्लायवूडची फळी, चारी कोपऱ्यांना पट्ट्यांनी खुर्चीला बांधून. नवीन माप ५३.७, दंड १५. बांधल्याशिवाय फळी ठेवू नका असं ठळक लिहिलं आहे. उठताना ती गादीसकट पुढे घसरते.

सूचनापत्रात दोन बदल केले: टेबलाच्या पोटाचा फोटो आता पहिल्याच मागणीत, आणि टेपची मापं तीनाची चार.